जनावर अचानक दगावलं आणि नाकातून काळं रक्त आलं, तर काय करावं?

संध्याकाळी वैरण खाल्लेली गाय सकाळी दावणीला मेलेली दिसते. पोट टम्म फुगलेलं, नाकातून आणि गुदद्वारातून काळपट, न गोठणारं रक्त, तास उलटले तरी पाय नीट ताठरलेले नाहीत. अशा वेळी पहिला संशय फाशीचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा धरा. रक्त दिसलं नाही म्हणून संशय सोडू नका.

साप चावला की विषबाधा झाली हे बघायला पोट फाडावंसं वाटतं. ते मुळीच करू नका. मेलेल्या जनावराच्या रक्तात जंतू अगणित असतात, पण कातडं शाबूत राहिलं तर कुजताना बहुतेक जंतू काही दिवसांत मरतात. सुरी लागून रक्ताला हवा मिळाली की त्यांचे टणक बीजाणू बनतात आणि ते मातीत दशकानुदशकं टिकतात. स्कॉटलंडच्या ग्रुइनार्ड बेटावर १९४२ साली अँथ्रॅक्सच्या चाचण्या झाल्या. ते बेट सुरक्षित जाहीर व्हायला १९९० उजाडलं.

निदानासाठी फाडायची गरजही नसते. पशुवैद्यक कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतात, तेवढा पुरतो. म्हणून १९६२ वर किंवा गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच फोन करा. ते येईपर्यंत कुत्री, कावळे, मुलं जवळ येऊ देऊ नका. कातडं सोलू नका, मांस वाटू नका. ओडिशातल्या कोरापूट भागात मेलेल्या जनावराचं मांस हाताळून आणि खाऊन माणसांना हा आजार पुन्हापुन्हा झाला आहे. घरच्या शिजवण्याने बीजाणू मरतील याची खात्री नसते.

विल्हेवाट पशुवैद्यकांच्या देखरेखीखालीच करा. हातमोजे, गमबूट, मास्क घालून नाका-तोंडात आणि गुदद्वारात फॉर्मालिनमध्ये भिजवलेला कापूस ते बसवून घेतील. पूर्ण जाळणं सर्वांत चांगलं, मात्र त्याला भरपूर लाकूड लागतं आणि अर्धवट जळलेलं धड धोकादायकच राहतं. ते जमत नसेल तर विहीर-ओढ्यापासून दूर, धडावर किमान दोन मीटर माती येईल इतका खोल खड्डा घ्या. धड ओढत नेऊ नका, वाटेवर रक्त सांडतं. शक्य तर शेजारीच खणा. रक्त लागलेली माती, वैरण, दावंही त्याच खड्ड्यात टाका. चुना पसरायची सवय आपल्याकडे जुनी आहे, पण जागतिक आरोग्य संघटना त्याची शिफारस करत नाही, कारण त्यातलं कॅल्शियम बीजाणूंना टिकायला मदत करू शकतं. खड्ड्याला कुंपण घाला आणि तिथे चराई बंद ठेवा.

गोठ्यातल्या इतर जनावरांचा ताप रोज पाहा. लस जिवंत जंतूंची असते, त्यामुळे प्रतिजैविक चालू असताना ती टोचून घेऊ नका. क्रम पशुवैद्यक ठरवतील.

ज्याने धडाला हात लावला त्याने साबणाने हात धुवावेत आणि पुढचा आठवडा-दोन आठवडे त्वचेकडे लक्ष ठेवावं. आधी खाजणारी पुळी, मग फोड आणि मध्ये काळी खपली, भोवती सूज, पण दुखणं फारसं नाही, अशी ही काळपुळी असते. दुखत नाही म्हणून लोक थांबतात, आणि तिथेच वेळ जातो. ताप, पोटदुखी, रक्ताची उलटी किंवा धाप असेल तर तातडीने रुग्णालय गाठा. वेळेत प्रतिजैविकं मिळाली तर त्वचेचा आजार बहुतेक बरा होतो. डॉक्टरांना मेलेल्या जनावराबद्दल आपणहून सांगा, कारण त्याशिवाय त्यांच्या मनात हा आजार सहसा येत नाही.