आमच्या बेकरीचे खरे स्पर्धक कोण?

सांगलीत आमच्या खारी-टोस्टचा खप घटत होता. शेजारच्या नव्या केक शॉपमुळेच, असं भाऊ म्हणायचा.

सांगली, मिरज, कुपवाडच्या बेकऱ्या मी कागदावर मांडल्या. भाव आणि मालाचे प्रकार हे दोन अक्ष घेतले, तर सगळे ठिपके एकाच तिरक्या रेषेत आले, कारण प्रकार जास्त तिथे भावही जास्त. जोडीने चालणारे अक्ष काही नवं सांगत नाहीत. म्हणून आडवा अक्ष बदलून माल किती दिवस टिकतो हा घेतला, आणि उभा अक्ष विक्री स्वतःच्या काउंटरवरून की किराणा दुकानांतून, हा. खपाच्या अंदाजाने वर्तुळं लहानमोठी काढली.

केक शॉप पार दुसऱ्या कोपऱ्यात गेलं. आमच्या वर्तुळाला चिकटले ते गाडीने माल पोचवणारे घाऊकवाले. किराणावाल्यांना ते जास्त उधारी देत होते. आमचा खप तिथे जात होता.

ताजे पॅटिस, किराणा दुकानांतून, ही जागा रिकामी दिसली. पण ती रिकामी का, हे आधी दुकानदारांना विचारलं. उरलेला माल त्याच दिवशी वाया जातो, तो कुणी परत घेत नाही. आम्ही भट्टीजवळच्या मोजक्या दुकानांनाच, उरलं ते परत घेण्याच्या बोलीवर, दुपारी थोडा माल देऊ लागलो. लांबच्या दुकानांना ते अजून परवडत नाही.