नुसतं ‘बघतो’ आलं? राग धरण्याआधी या चुका टाळा

साताऱ्याच्या ताईने सांगलीतल्या भावाला विचारलं, “रविवारी जेवायला येतोस ना?” चार तासांनी उत्तर आलं, “बघतो.” ताईने लगेच ठरवलं, दिवाळीतलं बोलणं याने मनात धरलंय.

चूक इथेच होते. ताई स्वतः तीन ओळी लिहिते आणि भावाचा मेसेजही त्याच मापाने मोजते. माप त्याचंच लावायला हवं. व्हॉट्सअॅपवर त्याची चॅट उघडून तीन टिंबांमधल्या Search मध्ये ‘बघतो’ टाका. तो इंग्रजी अक्षरांत लिहीत असेल तर baghto वेगळं शोधा. समजा वर्षभरात नऊ वेळा ‘बघतो’ सापडलं आणि त्यातल्या सात वेळा गडी जेवायला हजर होता. उरलेल्या दोन वेळा आदल्या रात्री “जमत नाही ताई” आलं होतं. म्हणजे या माणसाचं ‘बघतो’ बहुतेक वेळा ‘येतो’च असतं.

आता ते चार तास. भाऊ मार्केट यार्डात अडत दुकानावर असेल आणि हळदीचे सौदे चालू असतील, तर दिवाळीच्या सुट्टीत तो किती पटकन बोलायचा हे इथे कामाचं नाही. हंगामातली, दिवसा आलेली, तुमच्या प्रश्नाला दिलेली पंधरा-वीस उत्तरं काढा. नातेवाइकांच्या ग्रुपवरचे हसरे चेहरे आणि वाढदिवसाचा लांबलचक मेसेज त्यात धरू नका. फक्त दिवाळीनंतरचंच चाळलंत तर तुमच्या मनातला संशयच नमुना होऊन बसतो. त्याआधीचे दोन-तीन महिनेही बघा.

पूर्णविरामावरून तर हमखास घोळ होतो. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठाच्या 2015 च्या अभ्यासात, एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला की विद्यार्थ्यांना ते कमी मनापासूनचं वाटलं. पण तो वाचणाऱ्याचा ग्रह झाला, लिहिणाऱ्याच्या मनातलं त्यातून कळत नाही. शिवाय बऱ्याच कीबोर्डवर स्पेसबार दोनदा दाबला की पूर्णविराम आपोआप पडतो. भावाने फोन बदलल्यापासून टिंबं दिसू लागली असतील तर रुसवा फोनचाच!

खरी खूण वेगळी असते. नेहमी येणारं ‘ताई’ गळलं, रात्रीची उत्तरंही दुसऱ्या दिवशी येऊ लागली, भाच्यांची चौकशी थांबली, आणि हे सगळं एकदम सुरू होऊन आठ-दहा दिवस टिकलं, तर काहीतरी बदललंय. काय बदललंय ते मात्र चॅट सांगत नाही. आजारपण असेल, उधारी अडकली असेल. तिथे फोनच लावावा. ओळख नवी असेल, दहा-बारा मेसेजचीच, तर हा हिशेब मांडूच नका.

आणि रविवारचं? “येतोस ना?” ला ‘बघतो’ सहज बसतं. “किती ताटं वाढू?” असं विचारा, आकडा येईल.