पथनाट्याचं गाणं: लोकांनी मधूनच सूर धरावा असं कसं लिहायचं

विषय ठरला आहे, नाटकाचा आराखडा तयार आहे, डफली वाजवणारा आहे, असं धरून चालू. उदाहरण म्हणून पावसाळ्यातलं डेंग्यूचं पथनाट्य घेऊ. वीस-पंचवीस मिनिटांचं, चाळीच्या आवारात किंवा स्टेशनबाहेरच्या मोकळ्या जागेत होणारं. सांगायची गोष्ट एकच: साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा पाणी ओतलं की ही साखळी तुटते.

बहुतेक जण गाणं पहिल्या कडव्यापासून लिहायला बसतात. तसं करू नका. आधी लोकांच्या तोंडची ओळ लिहा, कडवी मागाहून होतात. आणि ही ओळ म्हणजे घोषवाक्य नव्हे. ‘स्वच्छता ठेवूया, डेंग्यू टाळूया’ ही ओळ फलकावर शोभते, पण लोक ती म्हणत नाहीत, कारण त्यांना ती म्हणायचं काही कारणच दिलेलं नसतं. माणूस अनोळखी घोळक्यात तोंड उघडतो ते बहुधा कुणी प्रश्न विचारला आणि उत्तर जिभेवर असलं तर. म्हणून गायकाची ओळ प्रश्नासारखी हवी आणि लोकांची ओळ उत्तरासारखी:

टायरात पाणी?
ओतून टाक!

आता ठोके मोजा. एक ठोका म्हणजे एक टाळी. केहरव्याच्या आठ मात्रांत असे चार ठोके बसतात. ‘टाय-रात-पा-णी’ हे चार. ‘ओ-तून-टाक’ हे तीन, आणि चौथ्या ठोक्याला शब्द नाही, टाळी आहे. ती टाळी मुद्दाम ठेवली आहे. ज्याला गायची लाज वाटते तो निदान टाळी देतो, आणि दोन फेऱ्या टाळी दिलेला माणूस तिसऱ्या फेरीला पुटपुटायला लागतो.

इथे नवे लिहिणारे हमखास चुकतात, कारण ते कागदावरची अक्षरं मोजतात. छंदाच्या हिशेबाने ‘पिंपात पाणी’ नऊ मात्रांचं होतं, पण बोलताना आपण ‘पिंपात’मधला शेवटचा ‘अ’ उच्चारतच नाही. तोंडात ते ‘पिं-पात-पा-णी’ असं चारच ठोक्यांचं आहे. रस्त्यावरचं गाणं तोंडाने मोजायचं, मांडीवर थाप मारत. शेजारी बसलेल्याला कागद न दाखवता ओळ ऐकवा. त्याच्या थापा तुमच्या थापांशी जुळल्या नाहीत तर ओळ चुकली आहे, तो नाही.

‘ओतून टाका’ असं आदरार्थी का नाही, असा प्रश्न तालमीत कुणीतरी विचारतोच. ‘टाका’ केलं की चौथा ठोका शब्दाने भरतो आणि टाळी जाते. शिवाय ‘टाक’ हा शब्द व्यंजनावर तुटतो, त्यामुळे पन्नास माणसं एकदम थांबतात. ‘टाका’तला ‘आ’ जो तो आपल्या मर्जीने लांबवतो आणि शेवटी नुसता गलका उरतो. राहिला आदराचा प्रश्न, तर लोक हे गायकाला म्हणत नाहीत. रिंगणात टायर घेऊन बसलेल्या आळशी पात्राला म्हणतात, आणि त्याला ‘तू’ म्हणायला कुणाची हरकत नसते. हे पात्र रिंगणात नसेल तर मात्र ‘टाक’ उद्धट वाटेल.

ओळीची सुरुवात ‘ओ’ने होते, हेही कामाचं आहे. बसचे ब्रेक, रिक्षांचे हॉर्न, स्टेशनातली उद्‌घोषणा यांच्यावरून ‘आ’ आणि ‘ओ’ निघून जातात, ‘इ’ आणि ‘उ’ तिथेच विरतात. उत्तराच्या ओळीत जोडाक्षर नको. आणि चाल जवळजवळ बोलल्यासारखीच ठेवा, दोन-तीन स्वरांत. रस्त्यावर पेटी नसते. पुरुष काळी एकच्या आसपास, बायका काळी चारच्या आसपास आणि पोरं भलतीकडेच, असा हा कोरस असतो. त्यांना तार सप्तकात नेलंत तर ते गप्प बसतील.

कडवी सोपी आहेत. दोन ओळी, प्रत्येकी आठ ठोके, आणि मग प्रश्न. चार ओळींचं कडवं केलंत तर आपली पाळी कधी येते हे लोक विसरतात. प्रत्येक कडवं सुटं उभं राहिलं पाहिजे, कारण तिसऱ्या कडव्याला येऊन थांबलेल्या माणसाने पहिली दोन ऐकलेली नसतात.

गॅरेजमागं टायर पडले
पाऊस आला, भरून गेले
टायरात पाणी? — ओतून टाक!

खिडकीमध्ये तुळस हलते
खाली ताटली तुडुंब भरते
ताटलीत पाणी? — ओतून टाक!

ताडपत्रीला पडला खळगा
अळ्यांचा त्यात शिमगा सगळा
खळग्यात पाणी? — ओतून टाक!

तिसऱ्या कडव्यात ‘ताडपत्रीवर पाणी?’ असंच विचारायचा मोह होतो. मोजून बघा, सहा ठोके होतात. प्रश्न दोन ठोके लांबला की लोक जुन्या सवयीने चौथ्यावर उत्तर देऊन मोकळे होतात आणि गायक मागे राहतो. म्हणून लांब शब्द कडव्यात घालायचा आणि प्रश्नात त्याचा आखूड भाऊ आणायचा. ताडपत्री वर गेली, खळगा खाली आला. प्रश्नाचा साचा पूर्ण गाण्यात बदलायचा नाही, फक्त पहिला शब्द बदलायचा. ‘पाणी?’ ऐकू आलं की आपली पाळी, एवढंच लोकांच्या लक्षात राहतं आणि तेवढंच पुरतं. कुर्ला-गोवंडीसारख्या ठिकाणी बरेच लोक हिंदी बोलणारे असतात. त्यांना ‘ओतून’ कळेलच असं नाही, म्हणून ‘ओ’वर दोन्ही हातांनी भांडं उपडं करायची खूण करा. भाषांतर करू नका, ठेका मोडतो.

आता अवघड भाग: लोकांसाठी जागा सोडणं. कागदावर ‘सगळे म्हणतात’ असं लिहिलं म्हणून सगळे म्हणत नाहीत. पहिल्या फेरीत गायक प्रश्न विचारतो, समोर शांतता पसरते, आणि ती शांतता सहन न होऊन तो स्वतःच उत्तर देऊन टाकतो. झालं! उत्तर द्यायचं काम आपलं नाही, हे लोकांनी त्या क्षणी शिकून घेतलं. दुसरी चूक डफलीवाल्याची. रिकामी जागा दिसली की त्याचे हात शिवशिवतात आणि तो तिथे तुकडा वाजवून ती बुजवतो. तिसरी चूक म्हणजे ‘बोला ना, आवाज आला नाही, अजून जोरात!’ ही आर्जवं. लग्नातल्या ऑर्केस्ट्रात ती चालतात. पथनाट्यात त्यांनी नाटक थांबतं आणि लोक एक पाऊल मागे सरकतात.

जागा संहितेतच लिहून ठेवायची असते. पोवाड्यात झीलकरी शाहिराच्या मागे उभे राहून ‘जी जी’ धरतात. तुमचे झीलकरी रिंगणात नकोत. तिघांना प्रेक्षकांच्या मागच्या रांगेत वेगवेगळ्या बाजूंना उभं करा, साध्या कपड्यांत. पहिल्या दोन प्रश्नांना ते पूर्ण आवाजात उत्तर देतात. आवाज मागून आल्यामुळे पुढच्यांना वाटतं की लोक म्हणायला लागले. तिसऱ्याला अर्धा आवाज, चौथ्याला फक्त टाळी. तीन कडव्यांत हा उतार पूर्ण होत नाही, म्हणून पहिलं कडवं म्हणून झाल्यावर त्याचा नुसता प्रश्न पुन्हा एकदा विचारा. म्हणजे चौथा प्रश्न हा तिसऱ्या कडव्याचा येतो.

गायकासाठी दोन सूचना लिहा. ‘पाणी?’च्या ‘पा’वर त्याने लोकांकडे वळायचं आणि ‘णी’नंतर तोंड मिटून श्वास घ्यायचा, दिसेल असा. डफलीने ‘ओ’च्या ठोक्याला एकच थाप द्यायची आणि पुढच्या टाळीपर्यंत गप्प राहायचं. लोकांना सम दाखवायला ती एक थाप पुरेशी आहे. वेग मिनिटाला शंभर टाळ्यांच्या वर नेऊ नका. घोळका नेहमी थोडा उशिरा उत्तर देतो आणि घाईच्या ठेक्यात त्याचं उत्तर पुढच्या ओळीवर चढतं. उत्तर आलंच नाही तर ठेका तसाच चालू ठेवून एक फेरी रिकामी जाऊ द्या आणि पुढच्या प्रश्नाला मागचे तिघे पुन्हा पूर्ण आवाजात येतील. तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारू नका.

इतकं जमलं तर गाण्यात एक सापळा लावता येतो, आणि माझ्या मते तो नसेल तर हे गाणं महापालिकेच्या पत्रकाहून फार पुढे जात नाही. चौथं कडवं रिंगणातली बाई म्हणते:

चारला उठून रांगेत गेले
हंडा हंडा करून भरले
पिंपात पाणी?

लोक सवयीने ‘ओतून टाक!’ ओरडतात. डफली बंद. बाई पिंपापुढे आडवी होते: ‘हात लावून तर बघा! पहाटे भरलंय मी ते.’ बघणाऱ्यांत अनेकांच्या घरी नळ तास-दोन तासच येतो, त्यांना हे सांगावं लागत नाही. हा प्रश्न सोडवल्याशिवाय ‘पाणी ओता’ म्हणणारं नाटक वस्तीत खोटं पडतं. मग ती नवं उत्तर देते: ‘झाकून ठेव!’ झा-कून-ठेव-टाळी. साचा तोच असल्यामुळे लोकांना ते शिकवावं लागत नाही. पिंप रिकामं झालं की आतून घासायचं, कारण अंडी कडेला चिकटून राहतात. हे मात्र गद्यात सांगा, गाण्यात कोंबू नका.

यानंतरच्या फेऱ्यांत प्रश्न मिसळून टाका: टायरात, पिंपात, ताटलीत, पिंपात. लोकांना आता उत्तर निवडावं लागतं. कुणीतरी चुकतो, शेजारचा हसून दुरुस्त करतो. तसं होत नसेल तर पहिल्या तीन कडव्यांतली सवय पक्की झाली नव्हती, तिथे आणखी एक फेरी वाढवा. दोन्ही उत्तरं एकाच वेळी येऊन गोंधळ होत असेल तर प्रश्नाचा पहिला शब्द ऐकू जात नाहीये. तेवढ्या शब्दापुरती डफली हळू करा.

गाणं नाटकाच्या सुरुवातीला नको, तेव्हा लोक जमतच असतात. चौथ्या-पाचव्या मिनिटाला पहिली दोन कडवी, मध्यावर तिसरं, चौथं शेवटून पाच मिनिटं आधी. प्रत्येक वेळी गाणं परत येताना आधी एकदा नुसता टायरचा प्रश्न विचारून घ्या, मधे आलेल्यांना तेवढ्यात कळतं. मागच्या तिघांच्या उताराच्या चार प्रश्नांत मात्र तो मोजू नका.

आणि प्रयोग पावसाळ्यात असल्यामुळे कातड्याची डफली नेऊ नका. दमट हवेत कातडं सैल पडून ती भद्द वाजते आणि ‘ओ’वरची ती एकमेव थाप मागच्या रांगेला ऐकूच जात नाही. प्लास्टिकच्या पानाची घ्या.