लिंबाच्या पानाचा फोटो पाहून खैऱ्या, ग्रीनिंग आणि नागअळी कशी ओळखावी

मृगाच्या पावसानंतर कागदी लिंबाला नवी पालवी फुटली की आटपाडी, जत, माण, खटाव या भागांतून रोगट पानांचे फोटो सल्ल्यासाठी येऊ लागतात. बहुतेक फोटोंत पानाची फक्त वरची बाजू असते आणि सोबत प्रश्न असतो, "कोणते औषध मारू?" औषध ठरवण्याआधी पानाची खालची बाजू पाहणे आवश्यक असते, कारण नागअळीच्या खुणा बहुधा तिथेच असतात.

गेल्या पावसाळ्यात आटपाडी तालुक्यातील एका बागायतदाराने तीन फोटो पाठवले आणि हा ग्रीनिंग, म्हणजे झाड निकामी करणारा जिवाणूजन्य रोग, आहे का, झाडे काढावी लागतील का, असे विचारले. पहिल्या फोटोत कोवळे पान आक्रसलेले होते आणि त्यावर तपकिरी ठिपक्यांची वेडीवाकडी ओळ दिसत होती. दुसऱ्या फोटोत पिवळे पडलेले पान होते, तर तिसऱ्यात खरबरीत डाग पडलेले फळ. त्यांच्याकडून पहिल्या पानाच्या खालच्या बाजूचा फोटो मागवला, तेव्हा त्या ओळीचा उलगडा झाला. तिथे चंदेरी, नागमोडी वाट होती, वाटेच्या मधून अळीच्या विष्ठेची काळपट रेघ गेली होती आणि पानाची कड दुमडून तिच्या आत कोष होता. ही पाने पोखरणारी अळी, म्हणजे नागअळी. ती पानाच्या सालीखाली राहून खाते, त्यामुळे पान चुरगळते.

तपकिरी ठिपके मात्र अळीचे नव्हते. खैऱ्याचा जिवाणू पावसाच्या शिंतोड्यांबरोबर पसरतो आणि अळीने उघडी केलेली वाट त्याला पानात शिरायला आयतीच मिळते. म्हणून अशा पानावर खैऱ्याचे डाग विखुरलेले न राहता वाटेच्या कडेने एकमेकांना चिकटून येतात. त्या पानावर अळी आणि रोग दोन्ही होते. केवळ ताम्रयुक्त औषध फवारून नवी पालवी अळीपासून वाचत नाही, आणि केवळ कीटकनाशकाने खैऱ्या थांबत नाही.

खैऱ्याची खात्री बोटाने करता येते. त्याचा डाग पानाच्या दोन्ही बाजूंना उंचवटलेला आणि खरबरीत लागतो. पान आभाळाकडे धरून फोटो काढल्यास डागाभोवतीचे पिवळे वलय स्पष्ट दिसते. फळावर हे वलय बहुधा नसते. तिथे मध्ये खोलगट, भेगाळलेले खवले दिसतात, पण रोग सालीपुरताच राहतो. तिसऱ्या फोटोतील फळ तसेच होते. डाळिंबावरचा तेल्या लिंबावर उतरला का, अशी शंका आपल्याकडे हमखास येते. दोन्ही रोगांचे जिवाणू जवळच्या नात्यातले असले तरी तेल्याचा जिवाणू लिंबावर खैऱ्या करीत नाही.

ग्रीनिंगची भीती दुसऱ्या फोटोमुळे होती. अशा पानाच्या मधल्या शिरेच्या डाव्या आणि उजव्या भागाची तुलना करावी. ग्रीनिंगमध्ये पिवळे-हिरवे ठिगळ दोन्ही बाजूंना सारखे नसते आणि ते शिरा ओलांडून पसरते. जस्ताच्या कमतरतेत नव्या, लहान पानांवर शिरा हिरव्या राहून मधला भाग दोन्ही बाजूंना सारखाच पिवळा पडतो. त्या पानावर जस्ताच्या कमतरतेचा नमुना होता, म्हणून झाडे काढण्याचा प्रश्नच उरला नाही. ग्रीनिंगग्रस्त फळ एका बाजूला झुकलेले असते आणि त्यातील बिया खुरटलेल्या असतात. मात्र कागदी लिंबू अनेकदा हिरवेच तोडले जाते, त्यामुळे फळाच्या रंगावरून निष्कर्ष काढू नये. एकाच फांदीवर विषम ठिगळांची पाने दिसत असतील आणि कोवळ्या शेंड्यांवर ग्रीनिंग पसरवणारी सिट्रस सायला ही कीड असेल, तर पाने प्रयोगशाळेत पीसीआर चाचणीला द्यावीत. केवळ फोटोवरून ग्रीनिंग निश्चित करता येत नाही.

फोटो सावलीत आणि फ्लॅशविना काढावेत, कारण फ्लॅशच्या चमकेत चंदेरी वाट हरवते. पानाची वरची बाजू, खालची बाजू, आभाळाकडे धरलेले पान आणि पूर्ण फांदी असे चार फोटो पुरेसे असतात. व्हॉट्सॲपवर ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत, म्हणजे बारकावे पुसले जात नाहीत.

त्या बागेत खैऱ्याच्या फांद्या कोरड्या दिवशी छाटून जाळायला सांगितले आणि कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करायला लावली. त्यानंतर 10 लिटर पाण्यात 30 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईडची फवारणी झाली. पुढची पालवी बोटभर असतानाच 5 टक्के निंबोळी अर्क फवारला, कारण पाने जून झाल्यावर अळीसाठी फवारणी करून उपयोग नसतो. पिवळ्या पानांसाठी जस्ताची स्वतंत्र फवारणी दिली. जुन्या पानांवरचे डाग औषधाने जात नाहीत, त्यामुळे परिणाम नव्या पालवीवरच पाहावा.