जवारीला जागा ठेवणारे निवेदन: मिरजेच्या तंबोऱ्यावरील माहितीपटाच्या निमित्ताने

पारंपरिक कारागिरीवरच्या माहितीपटांसाठी संशोधन आणि निवेदनलेखन करताना मला जे उपयोगी पडले, ते या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी एकाच उदाहरणाच्या आधाराने मांडतो. उदाहरण मिरजेच्या तंबोऱ्याचे घेतले आहे. या कारागिरीचा शेवट डोळ्यांना दिसत नाही, तो कानांना ऐकू येतो, आणि त्यामुळे निवेदन कुठे थांबले पाहिजे हे येथे इतर कोणत्याही हस्तकलेपेक्षा लवकर कळते.

तंबोरा तयार होण्याचा प्रवास लांबचा आहे. मंगळवेढा-पंढरपूर परिसरात पिकणारा मोठा भोपळा सुकवून, कापून, आतून साफ केला जातो. त्याला तुनाच्या लाकडाचा गळा आणि दांडी जोडली जाते. तोंडावर तबली बसते. मग कोरीव पाने, नक्षी आणि लाखेचे पॉलिश होते. हे सगळे चित्रित करण्यासारखे आहे आणि नवोदित लेखक साहजिकच त्या क्रमाने निवेदन लिहीत जातो. परंतु अर्ध्या तासाच्या माहितीपटात प्रत्येक पायरीला सारखी मिनिटे दिली, तर तंबोऱ्याऐवजी कोणतेही लाकडी सामान तयार होत असल्यासारखे वाटते. माझ्या मते या चित्रपटाचा कणा जवारी लावण्याचा प्रसंग हाच असावा, आणि आधीच्या पायऱ्या त्याच्याकडे नेण्यापुरत्याच याव्यात.

जवारी म्हणजे काय हे निवेदनकाराला नीट ठाऊक हवे, कारण ते ठाऊक नसले की तो विशेषणांकडे वळतो. तंबोऱ्याची घोडी वरून सपाट दिसते, पण तिला अगदी सूक्ष्म उतार असतो. छेडलेली तार कंप पावताना या उतारावर पुन्हा पुन्हा टेकते आणि सुटते. तारेचा घोडीशी असलेला स्पर्शबिंदू कंपनाबरोबर पुढेमागे सरकतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये दोरा घालून तो केसभर इकडेतिकडे केला, की हा स्पर्श नेमक्या जागी येतो आणि मूळ स्वरावर वरच्या उपस्वरांची दाट झालर उमटते. हीच जवारी. चं. व्यं. रामन यांनी 1921 साली या घोडीवर शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. तार ज्या बिंदूवर छेडावी, तेथे ज्यांचा निःस्पंद, म्हणजे न हलणारा बिंदू पडतो ते उपस्वर नेहमीच्या नियमानुसार उमटू नयेत. तंबोऱ्यात मात्र तेही ऐकू येतात, हे त्यांनी दाखवले. एवढी माहिती निवेदनात दोन वाक्यांत मावते, आणि कोणत्याही अलंकारापेक्षा ती प्रेक्षकाला अधिक सावध करून ऐकायला लावते.

आता प्रत्यक्ष मसुदा पाहू. पहिल्या खेपेस बहुधा असे काही लिहिले जाते: «वर्षानुवर्षांच्या साधनेने सिद्ध झालेले कारागिराचे हात घोडीवर अलगद कानस फिरवतात आणि निर्जीव लाकडातून स्वर जन्माला येतो.» हात आणि कानस पडद्यावर दिसतच आहेत. लाकूड निर्जीव आहे हे कोणी विचारलेले नाही. शिवाय हे वाक्य नेमके त्या वेळी बोलले जाते, ज्या वेळी प्रेक्षकाने ऐकायचे असते. मी तोच प्रसंग पुढीलप्रमाणे बांधतो.

आधी दोरा नसलेली, जवारी न लावलेली तार एकदा वाजते. कोरडा, लवकर विझणारा आवाज. त्यावर निवेदन नाही. मग: «ही तार षड्जात मिळवलेली आहे. स्वर बरोबर आहे, पण गायकाला तो पुरणार नाही.» त्यानंतर कारागीर तार सैल करतो, बाजूला सारतो, घोडीवर कानशीचे दोनचार हात मारतो, तार पुन्हा जागेवर आणून मिळवतो आणि ऐकतो. हा फेरा निदान दोनदा सलग दाखवावा, कारण या कामातला खरा वेळ घासण्यात जात नाही, परत परत मिळवण्यात आणि ऐकण्यात जातो. दुसऱ्या फेऱ्यावर: «घोडीचा उतार मोजायला येथे माप नाही. जास्त घासली गेली, तर गेलेला भाग परत येत नाही.» शेवटी दोरा आत सरकतो आणि तार खुलते. येथे निवेदन पंधरा-वीस सेकंद पूर्ण गप्प राहिले पाहिजे. मानवी आवाजाची स्पष्टता ज्या वरच्या कंपनांवर अवलंबून असते, त्याच पट्ट्यात जवारीची झालरही असते. त्यामुळे निवेदकाचा आवाज कितीही हळू ठेवला तरी तो जवारी झाकतो. मिनिटाला शंभर शब्दांच्या आसपास निवेदन धरले आणि अशी मौनाची जागा आधीच आखून ठेवली, तर संकलनाच्या टेबलावर वाक्ये कापण्याची पाळी येत नाही.

हे मौन टिकायचे असेल, तर ध्वनिमुद्रण त्या तोलाचे हवे, आणि ते पाहणे संशोधकाचेही काम आहे असे मी मानतो. काळी एकच्या पट्टीतल्या पुरुषी तंबोऱ्याचा षड्ज साधारण 139 हर्ट्झवर, तर खर्ज त्याच्या निम्म्यावर, म्हणजे 69 हर्ट्झच्या जवळ असतो. वाऱ्याचा आणि रहदारीचा घरघराट टाळण्यासाठी मुद्रकावरचा 80 किंवा 100 हर्ट्झचा गाळणी-खटका सवयीने चालू ठेवला जातो, आणि खर्जाचा पाया त्यातच निघून जातो. पातळी आपोआप वरखाली करणारी सोय चालू असेल, तर विझत जाणारा स्वर मध्येच फुगतो. हे ऐकू आले की ते मुद्रण जवारीच्या प्रसंगासाठी बाद समजावे. वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या तुकड्यांतला षड्ज जुळला नाही, तर जोडणी कानाला टोचते, म्हणून प्रत्येक तुकड्याच्या नोंदीत पट्टी लिहावी आणि पार्श्वसंगीत या भागात ठेवूच नये. तारेचे जवळून घेतलेले दृश्य कॅमेऱ्याच्या ओळीओळीने टिपण्याच्या पद्धतीमुळे रबरासारखे नागमोडी दिसू शकते. तसे झाले, तर ते तारेचे खरे कंपन म्हणून निवेदनातून सांगू नये.

मुलाखतीसाठी मी मतांचे प्रश्न कमी आणि करून दाखवण्याचे प्रश्न जास्त लिहितो. «कला टिकेल का?» या प्रश्नाला सगळीकडे एकच उत्तर मिळते. त्याऐवजी: «चाचा, जवारी बंद आहे हे तुम्हाला कशावरून कळते, वाजवून दाखवाल का?» «गायक तक्रार घेऊन येतात तेव्हा कोणत्या शब्दांत सांगतात, आणि त्या शब्दाचा अर्थ घोडीवर कुठे काम करायचे असा तुम्ही लावता?» «बाईंच्या पट्टीचा तंबोरा आणि पुरुषी तंबोरा यांची जवारी लावताना हात कुठे बदलतो?» «बाजूला ठेवलेला हा भोपळा का नाकारला?» «मुलाच्या किंवा शिकणाऱ्याच्या हाती घोडी पहिल्यांदा कधी दिली, आणि त्याआधी त्याला काय काय करायला लावले?» प्रश्नकर्त्याचा आवाज चित्रपटात राहणार नसेल, तर उत्तरात विषय यावा अशी विनंती आधीच करावी. नुसते «अंदाजाने» हे उत्तर संकलनात निरुपयोगी ठरते. «घोडी किती घासायची ते अंदाजाने ठरवतो» हे उपयोगी पडते. तोच प्रश्न एकदा काम चालू असताना आणि एकदा काम संपल्यावर विचारावा. पहिल्या वेळी हात बोलतात, दुसऱ्या वेळी माणूस. घरात दखनी बोलणाऱ्याला प्रमाण मराठीत बोलायला लावू नये, उपशीर्षके द्यावीत.

एका प्रश्नाबाबत सावधगिरी हवी. जुन्या घोड्या हस्तिदंताच्या किंवा सांबरशिंगाच्याही असत. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालचा आहे आणि पुढच्या दुरुस्त्यांनी या वस्तूंचा व्यापार बंद झाला. कॅमेऱ्यासमोर «तुमच्याकडे अजून तशी घोडी आहे का?» असे विचारणे म्हणजे समोरच्याला अडचणीत टाकणे होय. हाड, शिसव किंवा प्लॅस्टिक यांच्या आवाजातला फरक विचारावा. इतिहासाचा भाग निवेदनाने स्वतःच्या अंगावर घ्यावा.

इतिहासाच्या वाक्यांना वजनानुसार वेगवेगळी क्रियापदे लागतात. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिरजेत ही वाद्ये घडवायला सुरुवात केली आणि त्यांना पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला, ही परंपरेने आलेली हकिकत आहे. तेथे «मिरजेत असे सांगितले जाते» एवढे जोडावे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे मात्र सरळ विधान म्हणून यावे.

जुन्या चित्रफितींची आणि ध्वनिफितींची यादी निवेदनातल्या रिकाम्या जागांवरून करावी, हाती काय लागते त्यावरून नव्हे. या चित्रपटात मला तीन गोष्टी लागतील. पहिली, मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या. त्यांचे मुद्रण 1905 च्या सुमारास झाले आणि पुन्हा 1930 च्या दशकात झाले, आणि नोंदीत हा फरक ठळकपणे लिहायला हवा. 1925 पूर्वीचे मुद्रण कर्ण्यातून होत असे आणि त्यात तंबोऱ्याची झालर जवळजवळ पकडली जात नसे. त्यामुळे पहिल्या खेपेची तबकडी लावून «हाच तो मिरजेचा तंबोरा» असे निवेदन केले, तर ते खोटे ठरेल. शिवाय जुन्या तबकड्यांचा वेग नेमका 78 फेऱ्यांचा असेलच असे नाही, म्हणून तिच्यावरून गायकाची पट्टी सांगू नये. दुसरी गोष्ट, संस्थानकाळातील मिरजेची आणि वाद्यांच्या दुकानांची छायाचित्रे. ती बहुधा घरांतून आणि दुकानांच्या भिंतींवरून मिळतात, म्हणून मुलाखतीच्या दिवशीच त्यांची प्रतिमा घ्यावी, मागे लिहिलेला मजकूरही टिपावा आणि लेखी परवानगी घ्यावी. तिसरी, मैफलीत मागे बसून तंबोरा छेडणाऱ्या हातांची जुनी हलती दृश्ये; त्यासाठी आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे असलेला फिल्म्स डिव्हिजनचा संग्रह, पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि दिल्लीची संगीत नाटक अकादमी येथे चौकशी करावी. अर्जात कलाकाराच्या नावाबरोबर «तंबोऱ्यावरील हातांचे जवळचे दृश्य» असे स्पष्ट लिहावे, कारण सूचीत साथीदारांची नोंद क्वचितच असते आणि फीत स्वतः पाहिल्याशिवाय ते दृश्य आहे की नाही हे समजत नाही.

मिरजेबाहेरच्या मैफलीचे दृश्य वापरावे लागले, तर पडद्यावर स्थळ आणि वर्ष द्यावे. भारतात ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षे टिकतो, त्यामुळे वरील तबकड्या त्या मुदतीबाहेर गेल्या आहेत. परंतु तबकडीची स्वच्छ केलेली प्रत संस्था किंवा संग्राहक देतो, तेव्हा तिचे शुल्क आणि श्रेयनामाचा मजकूर त्याच्या अटींनुसार ठरतो. या दोन्ही बाबी प्रत हाती घेण्यापूर्वी लेखी ठरवाव्यात आणि नोंदवहीत त्या तुकड्याच्या क्रमांकासमोर लिहून ठेवाव्यात.