इम्प्रेशन घटले, पण शेअर टिकला?

समजा, कोथरूडमधील एका दंतचिकित्सालयाच्या गूगल अ‍ॅड्सवरील शोधजाहिरातींचे इम्प्रेशन, म्हणजे जाहिरात किती वेळा दिसली तो आकडा, एका दिवसात 4,000 वरून 1,100 वर आले, खर्चही तितकाच घटला, मात्र इम्प्रेशन शेअर, म्हणजे मिळू शकणाऱ्या इम्प्रेशनपैकी प्रत्यक्ष मिळालेला वाटा, जवळपास तेवढाच राहिला, तर बोली वाढवण्याची घाई न करता आधी गूगलच्या जाहिरात धोरणाचा अडथळा तपासावा. या शेअरच्या छेदात केवळ पात्र इम्प्रेशन धरले जातात, त्यामुळे जाहिरातीची मंजुरी गेली की छेदही आकसतो. बोली कमी पडली असती, तर शेअरच घसरला असता. गणेशोत्सवात मागणी रोडावली तरी असेच चित्र दिसू शकते, म्हणून जाहिरातनिहाय तासवार आकडे पाहावेत. नामंजूर जाहिरात अचानक शून्यावर येते, धोरणामुळे मर्यादित झालेली जाहिरात कमी प्रमाणात चालू राहते. खाते निलंबित झाल्यास सर्वच मोहिमा एकदम थांबतात. नेमके कारण `Policy details` या स्तंभात दिसते.