मीटिंग रूमवरून दोन टीमची जुंपली, तर ईमेल लिहिताना या चुका टाळा

एकाच मीटिंग रूमवर दोन टीमनी हक्क सांगितला की ईमेलची जी साखळी सुरू होते, ती शेवटी अ‍ॅडमिन विभागाकडे, म्हणजे माझ्याकडे येते. या साखळ्यांमध्ये माणसे बदलतात, पण चुका त्याच राहतात. त्यांतल्या तीन चुकांबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण बाकीच्या बहुतेक चुका त्यांच्यातूनच निघतात.

कॅलेंडर न उघडता भांडायला बसणे

“ही खोली आम्ही कित्येक महिन्यांपासून वापरतो” हे वाक्य मेलमध्ये दिसले की मी सर्वप्रथम त्या खोलीचे कॅलेंडर उघडतो. खोलीत बसणे आणि खोलीचे बुकिंग असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आउटलुकमध्ये मीटिंग तयार करताना Location या रकान्यात खोलीचे नाव नुसते टाइप केले, तर निमंत्रणावर ते नाव दिसते, पण खोलीला त्याचा पत्ताही नसतो. खोलीला स्वतःचा मेलबॉक्स असतो आणि बुकिंग होण्यासाठी तिला निमंत्रितांच्या यादीत घ्यावे लागते. ओळखण्याची खूण सोपी आहे: खरे बुकिंग केले की खोलीकडून स्वीकार किंवा नकार असे उत्तर येते आणि आयोजकाला ते Tracking मध्येही दिसते. काहीच उत्तर आले नसेल, तर आपण खोलीला विचारलेलेच नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्यातल्या एका कार्यालयात नेमके हेच झाले. सपोर्ट टीमच्या नऊ जणांचा अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर रोज कॉल असे. तो सपोर्टच्या आयोजकाने न्यूयॉर्कच्या वेळेनुसार सकाळी साडेनऊला लावला होता आणि खोलीचे नाव फक्त टाइप केले होते. अमेरिकेत उन्हाळी वेळ चालू असताना ती वेळ आपल्याकडे संध्याकाळी ७ ची येते आणि ७ वाजता खोली रिकामीच असे, त्यामुळे कोणाला काही कळले नाही. २ नोव्हेंबरच्या रविवारी अमेरिकेतील घड्याळे एक तास मागे गेली आणि सोमवारी तोच कॉल आपल्याकडे रात्री ८ वाजता आला. महिन्याच्या पहिल्या तीन कामाच्या दिवशी रात्री ८ वाजता अकाउंट्सची टीम त्याच खोलीत मागच्या महिन्याचे हिशेब बंद करायला, म्हणजे क्लोजिंगला बसते आणि तिचे बुकिंग रीतसर स्वीकारले गेलेले होते. अकाउंट्सची वेळ पुण्याच्या घड्याळानुसार लावलेली असल्यामुळे ती जागची हलली नाही. सोमवारी दारातच दोन्ही टीम समोरासमोर आल्या आणि रात्री मेल सुरू झाले. सपोर्टने “आमची जागा बळकावली” असे लिहिले, अकाउंट्सने “आपण आधी नियम वाचावेत” असे उत्तर दिले. वेळ का सरकली, हा प्रश्न एकानेही विचारला नाही. दोन्ही निमंत्रणे शेजारी ठेवून पाहिली असती, तर वाद पहिल्या मेलमध्येच संपला असता.

माझी सवय अशी आहे की मेल लिहिण्यापूर्वी मी तीन गोष्टी कागदावर लिहून घेतो: खोलीच्या कॅलेंडरवर कोणाचे नाव आहे, ती मीटिंग कोणत्या देशाच्या वेळेनुसार लावली आहे आणि ती पुन्हा पुन्हा येणारी असेल तर कधीपर्यंत आहे. कॅलेंडरवर विषय न दिसता फक्त आयोजकाचे नाव दिसले, तर त्यात कोणी काही लपवलेले नसते. खोलीच्या मूळ सेटिंगमध्ये विषय काढून आयोजकाचे नाव घातले जाते.

पहिल्याच मेलमध्ये साहेबांना सीसी

नव्याने टीम लीड झालेल्यांची ही विशेष आवडती खोड आहे. साहेब सीसीमध्ये दिसले की समोरचा माणूस खोलीचा प्रश्न सोडून आपली बाजू राखायला लागतो आणि ज्याला सहज वेळ बदलता आली असती, त्याला आता साहेबांसमोर माघार घेणे जड जाते. वरच्या प्रकरणात तिसऱ्या मेलपर्यंत दोन विभागप्रमुख सीसीमध्ये आले होते. त्यांना ना खोलीत किती खुर्च्या आहेत हे ठाऊक होते, ना घड्याळाचा घोळ. पहिला मेल फक्त त्या दोन आयोजकांमध्ये असावा. अ‍ॅडमिनलाही सीसीत घेण्याची गरज कॅलेंडरमध्ये खरोखरच काही बदलायचे असेल तेव्हाच असते.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. विषयात “अर्जंट” लिहून तारीख आणि वेळ न लिहिणे. “कृपया अ‍ॅडजस्ट करावे” म्हणणे आणि नेमके काय करावे ते न सांगणे. क्लायंटचे नाव हुकमाच्या पानासारखे टाकणे. “उत्तर न आल्यास होकार समजू” हे वाक्य तर मी कोणाच्याही मसुद्यात दिसले की खोडतो, कारण ज्याचे बुकिंग आहे, त्याच्या मौनाने त्याचा हक्क जात नाही.

सपोर्टच्या आयोजकाने शेवटी माझ्याकडे बसून जो मेल लिहिला, तो असा होता:

> विषय: मोठी मीटिंग रूम, रात्री ८ ते ९, डिसेंबर ते ६ मार्च
>
> नमस्कार मॅडम,
> अमेरिकेतील घड्याळे मागे गेल्यामुळे आमचा कॉल ७ ऐवजी ८ वाजता येऊ लागला आहे. त्या वेळी खोलीचे बुकिंग तुमचे आहे आणि आमचे नव्हते. ५ तारखेपर्यंत आम्ही आपापल्या जागेवरूनच कॉल घेऊ. डिसेंबरपासून क्लोजिंगचे तीन दिवस आपण चार खुर्च्यांची खोली वापरू शकाल का? तिला दार आणि स्क्रीन दोन्ही आहे, मात्र आम्ही नऊ जण तिथे मावत नाही. गुरुवारी संध्याकाळी ५ पर्यंत कळवावे. जमत नसेल, तर त्या तीन दिवसांपुरती आम्ही दुसरी सोय पाहू. ही विनंती ६ मार्चपर्यंतच आहे. ९ मार्चपासून आमचा कॉल पुन्हा ७ वाजता येईल.

अकाउंट्सच्या मॅडमनी त्याच दिवशी होकार दिला. त्यांना हवे होते बंद दार, कारण आकडे बाहेर ऐकू जाऊ नयेत. मोठ्या खोलीचे त्यांना मुळीच अप्रूप नव्हते. मेलमध्ये शेवटची तारीख होती, याचाही उपयोग झाला. कायमची जागा सोडायला कोणी सहजासहजी तयार होत नाही.

होकार मिळाला म्हणजे काम झाले असे समजणे

मेलमधला होकार खोलीच्या कॅलेंडरला दिसत नाही आणि अदलाबदलीत क्रम चुकला की मध्येच तिसरी टीम खोली घेऊन जाते. अकाउंट्सने छोट्या खोलीचे बुकिंग करावे, तिचा स्वीकार हाती पडल्यावरच मोठ्या खोलीच्या डिसेंबरपासूनच्या तारखा सोडाव्यात आणि सपोर्टच्या आयोजकाने त्याच वेळी फोनवर राहून आपले बुकिंग घालावे. त्यानेही जुन्या मालिकेत खोली जोडत बसू नये. आयटीने मूळ सेटिंग बदललेले नसेल, तर पुन्हा पुन्हा येणाऱ्या मीटिंगची एक तारीखही आड आली तरी खोली संपूर्ण मालिका नाकारते आणि ३ ते ५ नोव्हेंबरच्या तारखा आड येणारच होत्या. जुनी मालिका ५ तारखेला संपवून ६ पासून नवी लावली आणि तिची अखेर ३० एप्रिल ठेवली, कारण मूळ सेटिंगमध्ये खोली १८० दिवसांच्या पलीकडे जाणारी मालिकाही स्वीकारत नाही. एप्रिलच्या मध्यावर ती पुन्हा लावण्याची आठवण मी आयोजकाच्या कॅलेंडरवर तेव्हाच घालायला लावली.